तीन पंचमांश आणि अनंत

एकसमान प्रभार भरलेला भरीव गोळा रचायला किती ऊर्जा लागते, हा स्थिरविद्युतशास्त्रातला जुना, ठरलेला प्रश्न. बी.एस्सी.च्या वर्गात तो फळ्यावर सुटतो, उत्तराभोवती चौकट पडते आणि तास पुढे जातो.

U = (3/5) kQ²/R

यात Q हा गोळ्यावरचा एकूण प्रभार, R ही त्याची त्रिज्या आणि k म्हणजे 1/(4πε₀). चौकटीतल्या या उत्तरात एक अडचण दडलेली आहे. Q तसाच ठेवून R लहान लहान करत न्या. U वाढत जाते आणि R शून्याकडे गेली की तिला मर्यादाच उरत नाही. पण कुलोमच्या नियमात आपण पहिल्या दिवशी जो बिंदुप्रभार घेतला होता, त्याची त्रिज्या शून्यच होती. मग पहिल्याच पानावर आपण नकळत अनंत ऊर्जा गृहीत धरली होती का? आणि धरली असेल, तर त्यापुढची सगळी गणितं बरोबर कशी येतात?

ही पुस्तिका या एका प्रश्नाभोवती लिहिली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू लहान होत जाते तेव्हा तिच्यावरचा प्रभार तिच्याबरोबर लहान होतो की तसाच राहतो, हे आधी ठरवावं लागतं. प्रभार लहान होत असेल तर स्वऊर्जा आपोआप नाहीशी होते. तसाच राहत असेल तर ती फुगत जाते. पाठ्यपुस्तकात हे दोन्ही प्रकार एकाच समाकलन चिन्हाखाली येतात, म्हणून गोंधळ होतो.

आधी तीन पंचमांश कुठून आले ते नीट पाहू. सुरुवातीला सगळा प्रभार अतिसूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेला आहे, प्रत्येक कण बाकीच्यांपासून अनंत अंतरावर. तिथून तो थोडा थोडा आणून आपण गोळा थराथराने वाढवतो. r त्रिज्येपर्यंत काम झालं असेल, तर तोवर जमलेला प्रभार घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे q = Qr³/R³ असतो. बाहेरच्या कणाला हा अर्धवट गोळा केंद्रातल्या बिंदुप्रभारासारखाच वाटतो, म्हणून त्याच्या पृष्ठभागावरचा विभव kq/r. आता dr जाडीचा पुढचा थर चढवायचा. त्या थरातला प्रभार dq = 3Qr²dr/R³. तो अनंतापासून इथवर आणण्याचं काम विभव गुणिले प्रभार, म्हणजे

dU = 3kQ² r⁴ dr / R⁶

शून्यापासून R पर्यंत बेरीज केली की r⁴ चे R⁵/5 होतात आणि उत्तर मिळतं. अंशातला ३ गोलाच्या घनफळातून आला आणि छेदातला ५ हा r⁴ च्या समाकलनातून. आकडे घालून पाहायचं तर दहा सेंटीमीटर त्रिज्येचा प्लास्टिकचा गोळा आणि त्यात एक मायक्रोकुलोम प्रभार घ्या. kQ²/R येतं ०.०९ ज्यूल, त्याचे तीन पंचमांश ०.०५४ ज्यूल. शंभर ग्रॅमचं वजन साडेपाच सेंटीमीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. पृष्ठभागावरचं क्षेत्र मात्र मीटरमागे नऊ लाख व्होल्ट असतं. कोरड्या हवेत ठिणगी पडायला लागतं त्याच्या जवळपास एक तृतीयांश.

हेच उत्तर आणखी दोन वाटांनी मिळतं. दुसऱ्या वाटेत आपण पूर्ण झालेल्या गोळ्याकडे पाहतो. प्रत्येक भागातला प्रभार आणि तिथला अंतिम विभव यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि तिचं अर्धं करायचं. अर्धं का, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते: एकदा अ च्या जागी ब चा विभव म्हणून आणि एकदा ब च्या जागी अ चा विभव म्हणून. गोळ्याच्या आतला विभव (kQ/2R)(3 − r²/R²) असतो. r² ची घनफळावरची सरासरी 3R²/5, त्यामुळे विभवाची सरासरी (6/5)kQ/R. त्याच्या अर्ध्याला Q ने गुणलं की पुन्हा तीन पंचमांश.

तिसरी वाट क्षेत्राची. इथे ऊर्जा प्रभारात नसून भोवतालच्या क्षेत्रात साठलेली मानतात. दर घनमीटरमागे ती ε₀E²/2 इतकी, आणि ती सगळ्या अवकाशात बेरजेला घ्यायची. गोळ्याच्या आतल्या क्षेत्रातून kQ²/R चा एक दशांश मिळतो आणि बाहेरच्या क्षेत्रातून अर्धा. दोहोंची बेरीज तीन पंचमांश. म्हणजे सहापैकी पाच भाग ऊर्जा गोळ्याच्या बाहेर, जिथे प्रभाराचा लवलेशही नाही तिथे आहे. म्हणूनच उत्तर चुकलं की ते कुठे चुकलं हे उत्तरावरूनच ओळखता येतं. 6/5 आलं तर विद्यार्थी अर्धं करायला विसरला आहे, 1/10 आलं तर तो पृष्ठभागाशीच थांबला आहे, आणि 1/2 आलं तर त्याने भरीव गोळ्याऐवजी पोकळ कवच सोडवलं आहे.

या शेवटच्या चुकीत एक चांगला धडा आहे. धातूच्या गोळ्यात प्रभार मोकळा असतो, तो पृष्ठभागावर जाऊन बसतो, आत क्षेत्र उरत नाही आणि ऊर्जा kQ²/2R इतकीच राहते. प्लास्टिकच्या गोळ्यात जो एक दशांश जास्त होता, तो नेमका आतल्या क्षेत्राचा. प्रभाराला हलायची मुभा मिळाली की तो ही ऊर्जा सोडून देतो. भरीव गोळ्यात त्याला जागच्या जागी धरून ठेवणारं दुसरं काहीतरी असावंच लागतं, आणि त्या धरून ठेवणाऱ्याची ऊर्जा आपल्या सूत्रात नसते.

आता कोड्याकडे वळू. तीन वाटांनी एकच उत्तर येतं, हे वाचून वाचक निश्चिंत होतो. मग पुढच्या प्रश्नात +q आणि −q असे दोन बिंदुप्रभार d अंतरावर ठेवलेले असतात. जोड्या मोजण्याच्या रीतीने ऊर्जा −kq²/d येते, म्हणजे ऋण. क्षेत्राच्या रीतीने मात्र ε₀E²/2 चं समाकलन करायचं आहे, आणि वर्गाची बेरीज कधीच ऋण होऊ शकत नाही. दोन्ही सूत्रं त्याच पुस्तकातली, एकापासून दुसरं सिद्ध केलेलं, आणि तरी एक ऋण सांगतं तर दुसरं धन.

उलगडा मोजणीतच आहे. बुंदीचा लाडू वळायला किती मेहनत लागली असं विचारलं, तर उत्तर आपण कुठून सुरुवात केली यावर ठरतं. तयार बुंदी समोर असेल तर फक्त वळण्याची मेहनत मोजायची. बेसनापासून सुरुवात असेल तर बुंदी पाडण्याचीही. बिंदुप्रभारांची बेरीज करताना आपण तयार प्रभार आणतो, म्हणून Σ चिन्हाखाली i आणि j वेगळे असावेत अशी अट असते. समाकलन लिहिताना ही अट गळून पडते, आणि क्षेत्राचं सूत्र प्रत्येक प्रभार घडवण्याची ऊर्जाही गुपचूप जमेस धरतं. एकूण क्षेत्र E₁ + E₂ असेल तर त्याच्या वर्गात तीन पदं येतात. E₁² आणि E₂² या दोन प्रभारांच्या स्वऊर्जा, आणि 2E₁·E₂ हे परस्परक्रियेचं पद. त्या तिसऱ्या पदाचं समाकलन नेमकं kq₁q₂/d येतं.

बिंदूंऐवजी a त्रिज्येचे दोन छोटे भरीव गोळे घेतले की चिन्हाचा तंटाही मिटतो. दोघांच्या स्वऊर्जा मिळून (6/5)kq²/a, आणि परस्परक्रिया −kq²/d. गोळे एकमेकांना टेकेपर्यंत जवळ आणले, तरी d फार तर 2a पर्यंतच कमी होतं. तेव्हाही बेरीज ०.७ kq²/a, धनच राहते. ऋण उत्तर देणारं सूत्र ही मोठी धन रक्कम आधीच वगळून फक्त उरलेला बदल सांगत असतं. दोन गोळे हलवले तरी स्वऊर्जा बदलत नाही, म्हणून बल काढताना दोन्ही सूत्रं तेच उत्तर देतात.

मग भरीव गोळ्याच्या गणितात ही अट न पाळताही उत्तर बरोबर कसं आलं? इथे या पुस्तिकेतला सगळ्यात महत्त्वाचा हिशेब येतो. गोळ्याचे N सारखे दाणे करा. प्रत्येक दाण्यावर Q/N प्रभार, आणि घनफळ वाटलं गेल्यामुळे प्रत्येकाची त्रिज्या R/N^(1/3). सगळ्या दाण्यांच्या स्वऊर्जा बेरजेला घेतल्या तर त्या एकूण ऊर्जेच्या 1/N^(2/3) इतक्या भरतात. दहा लाख दाणे केले तर हा वाटा दहा हजारात एक. दाणे आणखी बारीक करा, तो शून्याला मिळतो. प्रभार सलग पसरलेला मानला की स्वतःला वगळा किंवा धरा, फरक पडत नाही, कारण दाणा लहान होताना त्याच्यावरचा प्रभार त्याच्याहून वेगाने लहान होतो. बिंदुप्रभारात आपण याच्या उलट करतो: त्रिज्या घटवतो आणि प्रभार कायम ठेवतो. तिथे q²/a हे पद अनावर होतं. इलेक्ट्रॉनचा प्रभार आणखी वाटता येत नाही, ही निसर्गाची बाजू आहे. कोडं खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं.

हा फरक केवळ तात्त्विक नाही, तो मोजता येतो. अणुकेंद्रकातले Z प्रोटॉन सगळ्या केंद्रकभर सारखे पसरले आहेत असं मानलं, तर आपलं सूत्र लावून विद्युत ऊर्जा (3/5)kZ²e²/R यायला हवी. केंद्रकीय भौतिकीच्या पुस्तकांत मात्र Z² च्या जागी Z(Z−1) असतं. कारण उघड आहे. एकच प्रोटॉन असेल तर त्याला ढकलणारा दुसरा कोणी नाही, म्हणून Z = 1 ला ही ऊर्जा शून्य असली पाहिजे. Z प्रोटॉनांच्या जोड्या Z(Z−1)/2 होतात आणि मोजायच्या त्या जोड्याच.

नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१५ ही जोडी या कामाला फार सोयीची आहे. पहिल्यात ७ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात ८ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन. केंद्रकीय बल प्रोटॉन-न्यूट्रॉन असा भेद जवळपास करत नाही, त्यामुळे दोघांच्या बंधनऊर्जेतला फरक मुख्यतः विद्युत प्रतिकर्षणाचा. २०१६ च्या जेईई अॅडव्हान्स्डमध्ये याच जोडीवर प्रश्न आला होता, तेव्हा तो अनेक मराठी घरांत सोडवून झालेला असेल. वस्तुमानं अशी: नायट्रोजन-१५ चं १५.०००१०९, ऑक्सिजन-१५ चं १५.००३०६५, न्यूट्रॉनचं १.००८६६५ आणि हायड्रोजन अणूचं १.००७८२५ एकक. बंधनऊर्जांची वजाबाकी केली की बहुतेक पदं कटतात आणि उरतं ते न्यूट्रॉन वजा हायड्रोजन अधिक ऑक्सिजन वजा नायट्रोजन, म्हणजे ०.००३७९६ एकक. ९३१.५ ने गुणून ३.५४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट.

आता दुसरी बाजू. ke² ची किंमत १.४४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट-फेम्टोमीटर, तिचे तीन पंचमांश ०.८६४. जोड्यांच्या रीतीने ८×७ वजा ७×६, म्हणजे १४. त्यावरून R येते ३.४२ फेम्टोमीटर. स्वतःलाही मोजून Z² लावलं असतं तर ६४ वजा ४९, म्हणजे १५, आणि R आली असती ३.६७. सात टक्क्यांचा फरक. याच केंद्रकाचा आकार इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यातून स्वतंत्रपणे मोजलेला आहे. नायट्रोजन-१५ ची वर्गमध्यमूळ प्रभार-त्रिज्या सुमारे २.६ फेम्टोमीटर आहे, आणि एकसमान गोळ्याच्या भाषेत आणण्यासाठी तिला १.२९ ने गुणलं की सुमारे ३.४ मिळतं. कौल जोड्यांच्या बाजूने पडतो. खऱ्या केंद्रकाची कड इतकी रेखीव नसते आणि प्रोटॉनांच्या पुंज-स्वभावामुळे काही टक्क्यांच्या दुरुस्त्या लागतात, म्हणून दुसऱ्या दशांशापर्यंत जुळणीचा आग्रह धरू नये.

या गणितातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रोटॉनची स्वतःची विद्युत ऊर्जा आपण वगळली म्हणजे ती अस्तित्वात नाही असं नव्हे. हायड्रोजनचं १.००७८२५ हे वस्तुमान तराजूवर मोजलेलं आहे, आणि प्रोटॉनची जी काही स्वऊर्जा असेल ती त्यात आधीच आलेली आहे. ती पुन्हा मिळवली असती तर दुबार मोजणी झाली असती.

हेच तत्त्व इलेक्ट्रॉनकडे घेऊन जातं, पण तिथे वाट बिकट होते. समजा इलेक्ट्रॉन हा एकसमान प्रभारित गोळा आहे आणि त्याचं सगळं वस्तुमान, म्हणजे ०.५११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, विद्युत स्वऊर्जेतूनच आलं आहे. तर त्याची त्रिज्या १.६९ फेम्टोमीटर ठरते. तीन पंचमांश हा गुणक सोडला की २.८२ फेम्टोमीटर मिळतात, आणि त्याला अभिजात इलेक्ट्रॉन-त्रिज्या म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अब्राहम आणि लोरेंत्झ यांनी अशा विस्तार असलेल्या इलेक्ट्रॉनांवर गंभीरपणे काम केलं. त्यांना गोळा फुटू न देणारं बल हवं होतं, आणि ते प्वाँकारेने वेगळं आणून जोडलं. प्लास्टिकच्या गोळ्यात प्रभाराला धरून ठेवणाऱ्याचा जो प्रश्न आपण बाजूला ठेवला होता, तोच इथे पुन्हा उभा राहिला.

प्रयोगांनी ही कल्पना मागे टाकली. टकरींच्या प्रयोगांत एक फेम्टोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतही इलेक्ट्रॉनला आकार असल्याचं दिसत नाही. त्या त्रिज्येचा गोळा मानला तर त्याची स्वऊर्जा ८६४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, इलेक्ट्रॉनच्या संपूर्ण वस्तुमानाच्या जवळजवळ सतराशे पट. एवढी रक्कम तितक्याच मोठ्या ऋण रकमेने खोडून निघते आणि मागे नेमके ०.५११ उरतात, असं मानावं लागेल. गणितात ते बसतं, पण पटत नाही.

पुंज सिद्धांताने ही टोचणी बरीच बोथट केली. इलेक्ट्रॉनच्या अगदी जवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांचा परिणाम सुरू होतो आणि प्रभार एका बिंदूवर असल्यासारखा वागत नाही. वाइस्कॉफने १९३९ मध्ये दाखवलं की यामुळे स्वऊर्जा 1/R सारखी न वाढता फक्त लॉगरिदमसारखी वाढते. ती अजूनही अनंतच आहे, पण अतिशय आळशी अनंत. गुरुत्वाचे पुंज-परिणाम सुरू होतात त्या प्लांक प्रमाणापर्यंत हिशेब नेला, तरी दुरुस्ती वस्तुमानाच्या सुमारे १८ टक्के इतकीच येते. १९४७ मध्ये लॅम्ब आणि रेदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या दोन पातळ्यांमधला, सिद्धांताप्रमाणे नसायला हवा असा बारीक फरक मोजला, आणि त्याच वर्षी बेथेने तो गणिताने काढला. त्याची युक्ती आपल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या हिशेबासारखीच होती. बद्ध इलेक्ट्रॉनच्या स्वऊर्जेतून मुक्त इलेक्ट्रॉनची स्वऊर्जा वजा करायची, कारण मुक्त इलेक्ट्रॉनची ती मोजलेल्या वस्तुमानात आधीच धरलेली असते. (लॅम्बचा सहकारी रेदरफर्ड हा केंद्रक शोधणारा रदरफर्ड नव्हे. त्याचं नाव रॉबर्ट रेदरफर्ड.)

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. आधी गोळ्याचं गणित तिन्ही वाटांनी, मग दोन प्रभारांचा तंटा आणि दाण्यांचा हिशेब, मग केंद्रकं, आणि शेवटी इलेक्ट्रॉन. वाचकाला गाऊसचा नियम आणि साधं समाकलन येत असावं, एवढीच अपेक्षा आहे. पुंज सिद्धांताच्या भागात सूत्रांची सिद्धता दिलेली नाही. तिथे उत्तराचं मोल आणि त्याचा आपल्या प्रश्नाशी असलेला संबंध एवढंच आहे.

स्थिरविद्युतशास्त्र बिंदुप्रभाराची स्वऊर्जा किती हे सांगू शकत नाही, आणि या पुस्तिकेतही ते सांगितलेलं नाही. मात्र कुठल्याही गणितात ती मोजायची की वगळायची, हे ते नक्की सांगतं. त्यासाठी सूत्र लिहिण्यापूर्वी एक ओळ लिहायची सवय लावून घ्यावी: सुरुवातीला समोर काय होतं, बारीक पूड की तयार कण? पूड असेल तर तीन पंचमांश बिनदिक्कत लावा. तयार कण असतील तर जोड्या मोजा, आणि त्या कणांची वस्तुमानं कुठून घेतली ते तपासा.